चित्र नको, ओळ पुरे

व्यंगचित्र हरवलं आहे. उरली आहे ती त्याच्याखालची एक ओळ आणि कुणाची तरी नम्र विनंती: 'यात विनोद काय आहे, जरा समजावून सांगाल का?' अशा वेळी काही भित्री माणसं 'आधी चित्र पाठवा' म्हणून मोकळी होतात. तुम्ही तसलं काही करू नका. चित्र मागणारा अडाणी ठरतो. न बघता बोलणारा जाणकार.

सरावाला ही ओळ घ्या: 'बरं, तुझंच खरं! सील भुंकलेलं तुला ऐकू आलं.' जेम्स थर्बर यांचं हे व्यंगचित्र १९३२ च्या जानेवारीत 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आलं. एक खबरदारी मात्र घ्या. सील म्हणजे महापालिका दुकानाला ठोकते ते नव्हे, समुद्रातला मिशीवाला प्राणी. तो भुंकतो, म्हणून ओळखता आला. नाहीतर तुम्ही अतिक्रमण विभागावर दोन परिच्छेद लिहून बसला असता.

आता कामाला लागा. बोलण्याचा वैतागलेला सूर पाहता हे नवरा-बायको असणार, हे तुम्ही ताडलंत. शाबास, ते बरोबरच आहे. एकाला भलतेसलते आवाज ऐकू येतात, दुसऱ्याला झोप हवी आहे, म्हणून वाद मिटवायला खोटंखोटं मान्य केलं जातंय. मग खाली ठणकावून लिहा: 'एकाचा हट्ट आणि दुसऱ्याचा उपरोध यातून हा विनोद निर्माण होतो.' वाक्य घोटीव आहे. वाचणारा मान डोलावेल.

चित्रात काय आहे म्हणता? पलंगावर नवरा-बायको आहेत, बायको करवादते आहे, आणि दोघांच्या पाठीमागे, पलंगाच्या डोकीकडच्या फळीवर, सील आहे. खराखुरा. नवऱ्याचे कान शाबूत होते. म्हणजे तुम्ही ज्याला हट्टी ठरवलंत तोच बरोबर निघाला आणि जिच्या शहाणपणावर विश्वास टाकलात ती मान वळवून बघायला तयार नाही. ओळीत तिला जे ठाऊक आहे तेवढंच असतं. चित्रात तुम्हा-आम्हाला जास्तीचं दिसतं, आणि हसू येतं ते या दोहोंतल्या फटीतून. नुसती ओळ वाचणारा बोलणाऱ्या पात्राच्या बाजूला जाऊन बसतो, म्हणजे ज्याच्यावर हसायचं त्याच्याच मांडीला मांडी लावून. पण ही फट दिसायला चित्र लागतं, आणि आपण ते मागायचं नाही असं ठरलंय ना?

अशी ओळ ओळखायची खूण सोपी आहे. ती कुणीही घरात सहज बोलेल अशी, एकटी वाचली तर हसू न येणारी असते. 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातलं जॉर्ज द्यु मोरिए यांचं १८९५ चं व्यंगचित्र याच्या उलट. बिशपच्या टेबलावर बसलेल्या कनिष्ठ पाद्र्याच्या वाट्याला नासकं अंडं येतं. यजमान तसं म्हणतात तेव्हा तो घाईघाईनं सांगतो, 'छे छे, त्याचे काही भाग उत्कृष्ट आहेत!' इथे अख्खा विनोद संवादातच आहे. चित्र उंदरांनी कुरतडलं तरी बिघडत नाही. तुम्ही हा फरक कृपया लक्षात ठेवू नका, उगीच हात आखडतो.

पीटर आर्नो यांची १९४१ ची ओळ तर तुमच्यासारख्यांसाठीच आहे. साधारण अशी: 'चला, पुन्हा आराखड्यापासून सुरुवात.' चिकाटी, जिद्द, अपयशातून उभारी, लिहा बिनधास्त. चित्रात विमान कोसळलंय, माणसं तिकडे धावतायत आणि आराखड्यांची गुंडाळी काखेत मारून एक गृहस्थ शांतपणे उलट दिशेनं निघालाय. ती उभारी त्याची.

शि. द. फडणीसांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यांच्या बहुतेक हास्यचित्रांखाली ओळच नसते. चित्र गेलं की तुमच्या हाती नुसती विनंती उरते, आणि तिच्यावर फार तर अर्धं पान होतं.

थर्बर स्वतः या ओळीपर्यंत कसे पोचले तेही ऐकून ठेवा. ते खडकावर बसलेला सील काढत होते. खडक जमेना. तो पलंगाच्या फळीसारखा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी खाली पलंगच काढला, त्यात जोडपं झोपवलं, आणि ही ओळ त्यांच्या तोंडी आली. फसलेल्या खडकातून ओळ निघाली. तुम्हाला फक्त ओळीवरून तो खडक ओळखायचा आहे.

आणि एवढं करून कुणी आगाऊपणे मूळ चित्र शोधून आणलंच, तर घाबरू नका. सीलकडे बोट दाखवा आणि म्हणा, 'हा प्रतीकात्मक आहे.'