कंसातील शब्द गाळल्याने शिफारस बदलते: सिकलसेलच्या मार्गदर्शिकेचे उदाहरण

फिरत असलेला दावा: “उपचारांची मार्गदर्शिका मराठीत आणताना ‘करावे’ आणि ‘करू नये’ एवढे स्पष्ट लिहिले की पुरे. कंसातल्या श्रेणी डॉक्टरांसाठी असतात, त्या गाळल्याने अर्थ बदलत नाही. पुरावा कमी दर्जाचा असला की शिफारसही कमजोर असतेच, त्यामुळे दोन्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.”

मी नागपुरात वैद्यकीय मजकुराचे मराठी भाषांतर करतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या घरी जाणाऱ्या आशाताई व परिचारिका मराठीतच वाचतात, म्हणून उदाहरण याच आजाराचे घेतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस व रक्त संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०१४ साली सिकलसेलवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील पेनिसिलिनविषयीच्या लागोपाठच्या दोन शिफारशी पाहू.

पहिली शिफारस अशी आहे की सिकलसेलचा एचबी-एसएस हा प्रकार असलेल्या सर्व बालकांना वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत दिवसातून दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन द्यावे, तीन वर्षांखालील बालकास १२५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे २५० मिलिग्रॅम. दुसरी अशी की प्लीहा काढलेली नसेल आणि न्यूमोकोकस या जंतूचा गंभीर संसर्ग पूर्वी झालेला नसेल, तर पाचव्या वर्षी हे पेनिसिलिन थांबवावे. मूळ इंग्रजीत दोन्ही वाक्ये सारख्याच आज्ञार्थात आहेत. फरक फक्त कंसात आहे. पहिल्या शिफारशीपुढे ‘ठाम शिफारस, मध्यम दर्जाचा पुरावा’ या अर्थाचे शब्द आहेत, तर दुसऱ्या शिफारशीपुढे ‘कमी जोराची शिफारस, मध्यम दर्जाचा पुरावा’ या अर्थाचे. काही मार्गदर्शिकांत ‘आम्ही शिफारस करतो’ आणि ‘आम्ही सुचवतो’ अशा क्रियापदांतूनच जोर कळतो. या दोन वाक्यांत मात्र तो सांगणारी कंसाखेरीज दुसरी जागाच नाही. तो गाळला की ‘द्यावे’ आणि ‘थांबवावे’ ही दोन विधाने एकाच वजनाची होऊन बसतात.

या वजनाचा अर्थ घरापर्यंत पोहोचतो. ठाम शिफारस म्हणजे फायदा तोट्याहून इतका स्पष्टपणे जास्त आहे की माहिती मिळालेल्या बहुतेक पालकांनी हाच मार्ग निवडला असता, असा समितीचा विश्वास. कमी जोराची शिफारस म्हणजे फायदा-तोट्याचे पारडे जवळजवळ बरोबरीत आहे, समजूतदार पालकांचे निर्णय वेगवेगळे होऊ शकतात आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलूनच ठरवायचे आहे. ज्या मुलाचे घर रुग्णालयापासून लांब आहे, ताप आल्यावर तिथे पोहोचायला अर्धा दिवस जातो, त्याची आई पेनिसिलिन चालू ठेवायचे म्हणाली, तर ती या शिफारशीच्या विरोधात जात नाही. ‘पाच वर्षांनी थांबवावे’ एवढेच मराठीत वाचलेली परिचारिका मात्र तिला चुकीचे ठरवील. म्हणजे श्रेणी ज्यांच्यासाठी नाहीत असे सांगितले जाते, त्यांच्याच हातून निर्णय बदलतो.

आता पुरावा आणि जोर एकत्र चालतात का, ते पाहू. वरच्या दोन्ही शिफारशींत पुराव्याचा दर्जा एकच, मध्यम, असूनही एक ठाम आहे आणि दुसरी कमी जोराची. उलट बाजूचे उदाहरण त्याच अहवालात आहे. गर्भवती व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे औषध थांबवावे, ही शिफारस मध्यम जोराची आहे, पण तिच्यामागचा पुरावा अतिनिम्न दर्जाचा आहे. गर्भवतींवर असे औषध देऊन तुलनात्मक चाचणी घेणे नीतीला धरून नाही, त्यामुळे चांगल्या दर्जाचा पुरावा उभा राहणेच अवघड. पण प्राण्यांतील प्रयोगांत या औषधाने गर्भात व्यंगे आलेली दिसली आहेत, त्यामुळे सावधगिरीचा सल्ला द्यावाच लागतो. पुराव्याचा दर्जा सांगतो की परिणामाच्या अंदाजावर आपला किती भरवसा आहे. शिफारशीचा जोर ठरताना हा भरवसा मोजला जातो, तसेच हानीचे गांभीर्य, खर्च आणि रुग्णाची पसंतीही मोजली जाते. एकावरून दुसरे काढता येत नाही, म्हणून दोन्ही लिहावे लागतात.

कधीकधी एकाच वाक्यात दोन श्रेणी असतात, आणि अशा वाक्यांत मला सर्वांत जास्त चुका आढळल्या आहेत. नऊ महिन्यांपासून पुढच्या सर्व बालकांना व किशोरांना, आजाराची तीव्रता कितीही असो, हायड्रॉक्सीयुरियाचा उपचार देऊ करावा, असे अहवाल म्हणतो. पण ९ ते ४२ महिन्यांच्या बालकांसाठी शिफारस ठाम व पुरावा उच्च दर्जाचा आहे. त्याहून मोठ्या मुलांसाठी दोन्ही मध्यम आहेत. ४२ हा आकडा येतो कुठून, हे कळले की तो गाळावासा वाटत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, याच औषधाच्या बेबी हग या चाचणीत ९ ते १८ महिन्यांची बालके घेतली होती आणि उपचार दोन वर्षे चालला. अठरा अधिक चोवीस म्हणजे बेचाळीस. चाचणीने जिथपर्यंत पाहिले तिथपर्यंतच उच्च दर्जा. ‘सर्व मुलांसाठी ठाम शिफारस’ असे सुटसुटीत मराठी केले, तर दहा वर्षांच्या मुलाच्या नावावर त्याच्या वयाची मुले नसलेल्या चाचणीचा पुरावा जमा होतो.

याच वाक्यातले ‘देऊ करावा’ हेही तसेच ठेवले पाहिजे. या औषधासाठी वारंवार रक्ततपासणी, रुग्णालयाच्या फेऱ्या आणि खर्च पडतो, म्हणून कुटुंबाशी चर्चा करून निर्णय व्हावा, असे समितीने स्वतःच स्पष्ट केले आहे. ‘द्यावा’ म्हटले की ती चर्चा गेली.

‘करू नये’विषयी थोडक्यात: मराठीत ‘करू नये’, ‘करण्याची गरज नाही’ आणि ‘करावे की नाही हे सांगता येत नाही’ ही तीन वेगळी विधाने आहेत. पुरावा अपुरा असल्याने समितीने मत दिले नसेल, तिथे ‘करू नये’ लिहिणे म्हणजे समितीच्या तोंडी मनाई घालणे.

शब्दनिवडीवर मी बराच अडखळलो. ‘कमकुवत शिफारस’ वाचून लोकांना ती निष्काळजीपणे केलेली वाटते. ‘सशर्त’ हा शब्द काही मार्गदर्शिकांच्या मूळ संज्ञेला जवळचा आहे, पण पेनिसिलिनच्या वाक्यात प्लीहेची अट खरोखरच आहे, त्यामुळे ‘सशर्त’ म्हणजे तीच अट असे वाचक समजतो. शेवटी शिफारशीला ‘जोर’ आणि पुराव्याला ‘दर्जा’ असे वेगळे शब्द ठरवले आणि ते सगळीकडे नामासकट लिहिले, कारण नुसते ‘मध्यम, मध्यम’ लिहिल्यास कोणते कशाचे ते कळत नाही. मजकुराच्या सुरुवातीला प्रत्येक पायरीचा अर्थ एकेका वाक्यात दिला.

मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तीन परिचारिकांना कंसाविना वाक्ये दिली आणि प्रत्येक वाक्य ठाम, मध्यम की कमी जोराचे ते विचारले. पेनिसिलिन थांबवण्याचे वाक्य तिघींनीही ‘ठाम’मध्ये टाकले. कंस व व्याख्या जोडून तेच वाक्य पुन्हा दिले, तेव्हा एकीने विचारले, “म्हणजे आईला विचारायचं ना आधी?”