आगटीवर तू बसलास, त्याबद्दल

सरप्राइझ पार्टी या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. अंधारातून पंचवीस माणसं ओरडतात, कुणीतरी तोंडाला केक फासतं, मोबाईल रोखलेले असतात आणि ज्याचा वाढदिवस त्यालाच रात्री बारा वाजता खुर्च्या उचलाव्या लागतात. त्यामुळं परवा माझ्यासाठी जे झालं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता येत नाही. ज्यानं हे केलं त्याचं नाव इथं घेत नाही. घेतलं तर फोन करून शिव्या घालेल. तो वाचेल आणि त्याला कळेल.

गड्या, ग्रुपवर मी 'थँक्यू भावा' लिहून दोन हात जोडलेले टाकले. त्यातून काहीच पोचलं नाही, म्हणून हे लिहितोय. तुला वाटत असेल याच्या लक्षात कुठं येणार. येतं बे.

पहिलं म्हणजे तारीख. पन्नासावा वाढदिवस गुरुवारी होता आणि तू सकाळी 'हॅपी बर्थडे बे' एवढंच पाठवलंस. चाळीस वर्षांची दोस्ती आणि तीन शब्द. मी दिवसभर घुश्शात होतो, हिनं ऐकलंय माझं. आता कळलं की तू हिला आधीच विचारलं होतंस, 'वहिनी, तुमच्याकडं पाण्याची पाळी कधी?' गुरुवारी आमच्या गल्लीत पाणी येणार होतं. सोलापुरात पाण्याच्या दिवशी घरातली बाई कुठं हलत नाही. मोटार लावायची, टाकी भरायची, पिंपं भरायची, कपडे उरकायचे. त्या दिवशी पार्टी ठेवली असती तर ही आली असती, पण अर्धं लक्ष नळाकडं. तू पार्टी रविवारी दुपारवर ढकललीस. असा विचार आपल्या मित्रांमध्ये दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता, माझ्याही नाही.

रविवार धरायचं दुसरं कारण मला मामांनी शेतात सांगितलं. मोहोळच्या अलीकडं त्यांच्या मालदांडीच्या रानात कडेला दोन-चार ओळी गूळभेंडीच्या टाकलेल्या असतात, खास हुरड्यासाठी. हुरड्याचं कणीस आपल्या सोयीनं थांबत नाही. दाणा नखानं दाबला आणि नुसतं दूध उडालं तर अजून कवळा, आणि दाबलाच नाही तर झाली ज्वारी, आता भाकरी करा. मधले हातावर मोजण्याइतके दिवस तेवढे आपले. गड्ड्याची जत्रा उरकल्यापासून तू मामांना एक दिवसाआड फोन करून 'दाणा कुठवर आला' विचारत होतास म्हणे. मामा वैतागले होते. पण रविवारी ती कणसं जशी हवी तशीच होती.

मला तू 'जागा बघायला चल, सातबारा वाचून दाखव' म्हणून नेलंस. थाप चांगली होती, कारण सातबारा म्हटलं की मी चष्मा घेऊन निघतोच. पण मला जास्त आवडलं ते पुढचं. कुणीही ओरडलं नाही. बांधाजवळ गाडी थांबली आणि बाभळीला टेकवलेली आईची काठी मला आधी दिसली. मग खुर्चीत आई. मग बाकीचे. मला कळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा तू लागू दिलास. दचकवलं की माझं काय होतं हे तू दहावीच्या निकालाच्या दिवशी बघितलंयस. आणि व्हिडिओ कुणालाच काढू दिला नाहीस. माझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते फक्त तिथल्या लोकांना माहीत आहे, आणि तेवढं पुरे.

आईची खुर्ची हाताची होती. सगळ्यांना चटई आणि तिला हात असलेली खुर्ची, कारण गुडघे धरून उठताना तिला टेकू लागतो. तिला हुरडा चावत नाही, तर तिच्यापुरती गव्हाची हुग्गी डब्यात आणलेली. तेही कुणाला न सांगता तिच्या हातात वाटी दिलीस, 'म्हातारीसाठी वेगळं' असा गाजावाजा न करता. घरी आल्यावर ती म्हणाली, 'पोराला कळतंय.' माझ्याबद्दल तिनं हे कधी म्हटलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी हुरड्याला आगटीवर मी बसतो. का, तर 'तुझ्या हाताला चटका लागत नाही.' लागतो, पण सवय झालीय. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ खाली बसू द्यायचा, कणसं आरात सारायची, फिरवत राहायची आणि वाफ जायच्या आत चोळायची, कारण गार झालं की दाणा बोंडातून सुटत नाही. चोळणारा चोळत राहतो. मूठभर झालं की पुढच्या हाताला, परत मूठभर, परत पुढच्या हाताला. सगळ्यांचं पोट भरल्यावर त्याच्या वाट्याला जे येतं ते कोमट, राखेचं आणि अर्धं चिवट. हे मी कधी कुणाला बोललो नाही. यात तक्रार करण्यासारखं काय आहे असंच वाटायचं.

या वेळी मी सवयीनं बाह्या सारून आगटीकडं गेलो, तर तू आधीच बसला होतास. 'तिकडं बस. बघूलालास काय, खा की.' आणि पहिली मूठ माझ्या हातावर.

खरं सांगू का, पहिला घाणा तू जाळलास. जाळ बसायच्या आधीच कणसं सारलीस, वरची बोंडं कोळसा आणि आत दाणा कच्चा. मामा लांबून हसत होते. मला उठून तुझ्या हातातून कणीस घ्यायचं होतं, पण हिनं माझा शर्ट धरून ठेवला होता. दुसऱ्या घाण्याला जमलं. बोंडं काळवंडलेली, दाणा हिरवा आणि टच्च फुगलेला. तो गरम हुरडा, त्यावर शेंगाची चटणी, कडेला दही. चटणी उखळात कुटलेली होती, तेल सुटलेली. मिक्सरची असती तर पूड राहिली असती, हे तुझ्या घरी माहीत आहे. इतक्या वर्षांत हुरडा असा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या अंगठ्याला फोड आलाय हे मी बघितलं. तू हात खिशात घातलास तेव्हाच.

केक होता, पण छोटा, आणि पोरांनी खाल्ला. माझ्यापुढं गुळाचा खडा ठेवला नव्हतास. साखरेचा रिपोर्ट मी फक्त तुला दाखवला होता, तर तू ताटातला गूळ गुपचूप आधीच काढून घेतलास. बाकीच्यांना वाटलं विसरला असेल.

मामांच्या रानात काम करणारी दोघं आपल्याच पंगतीला बसली होती, हेही बघितलं. ते तू केलंस की मामांनी, विचारायचं राहिलं.

तुमचं चटणीचं पितळी पातेलं आमच्याकडं राहिलंय. रिकामं परत द्यायची आपल्याकडं पद्धत नाही, ही उद्या शेंगाच्या पोळ्या करणार आहे. संध्याकाळी घरी रहा. आणि त्या अंगठ्याला काहीतरी लाव बे.