"मार्जिन म्हणजे मार्जिन" या प्रतिक्रियेला उत्तर

स्टार्टअपच्या गुंतवणूकदारांसाठीच्या स्लाइड्सचं मराठी भाषांतर कसं करावं, यावरच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया अशी आहे: "लेख वाचला. गुंतवणूकदारांना इंग्रजी येतं, उगाच मराठीचा अट्टहास कशाला? बाजारपेठेच्या स्लाइडवर तीनच वर्तुळं असतात, ती कुणालाही कळतात. आणि मार्जिन म्हणजे मार्जिन, त्यात समजावण्यासारखं काय आहे? हे भाषांतर नव्हे, शिकवणी झाली. शीर्षकंसुद्धा तीन-तीन ओळींची." – एक वाचक

शीर्षकं लांबली, हे मान्य. पडद्यावर दोन ओळींच्या वर शीर्षक जाऊ नये. पण "शिकवणी" हा शब्द टोमणा म्हणून वापरायचा आणि वर "त्यात काय आहे" असं विचारायचं, ही पद्धत मला पटत नाही. शंका असेल तर शंका विचारा. हिणवायचंच असेल तर निदान आकडे तरी मांडा. मी हे काम पैसे घेऊन करतो आणि स्लाइडवर बैठक अडली की पहिला फोन मलाच येतो.

एक ऑर्डर घ्या. विक्री किंमत जीएसटी वगळून ५०० रुपये, मालाची किंमत ३००. स्टार्टअपवाला लिहितो, ग्रॉस मार्जिन ४० टक्के, कारण २०० भागिले ५००. समोर बसलेला माणूस घाऊक व्यापारातून आलेला असेल तर तो टक्के बहुतेक वेळा खरेदीवर धरतो. त्याच्या हिशेबात ३०० च्या मालावर ४० टक्के म्हणजे १२०, म्हणून विक्री ४२०. स्लाइडवर मात्र ५०० छापलेत. त्याच्या पद्धतीने ते जवळपास ६७ टक्के होतात. त्याला वाटतं, दोनपैकी एक आकडा खोटा आहे. तो तसं बोलत नाही, फक्त "पुन्हा पाठवा" म्हणतो. इंग्रजी येत असूनही हे होतं, कारण अडचण इंग्रजीची नाहीच, टक्के कशावर धरले याची आहे. म्हणून आधी रुपये लिहायचे, मग टक्के, आणि शेजारी "विक्री किमतीवर" हे दोन शब्द. एवढ्याला तुम्ही शिकवणी म्हणता!

आता त्याच ऑर्डरमधून डिलिव्हरीचे ७०, पॅकिंगचे २० आणि ऑनलाइन पेमेंटचे १० वजा करा. उरले १००. मूळ स्लाइडवर याला काँट्रिब्युशन मार्जिन म्हणतात. अनुवादक घाईत दोन्हीकडे "नफा" लिहून मोकळा होतो. मग एका स्लाइडवर नफा २००, पुढच्यावर नफा १००, आणि ऑफिसचं भाडं व पगार अजून कापलेलेच नाहीत. मी पहिल्याला "ढोबळ नफा" लिहितो, दुसऱ्याला "ऑर्डरमागे हातात उरणारे", आणि खाली एका ओळीत काय कापलं नि काय नाही ते. मार्जिन म्हणजे मार्जिन, तर या दोनपैकी कोणतं, ते तुम्हीच सांगा.

याच १०० वर पुढचा सगळा डोलारा उभा असतो. एक ग्राहक मिळवायला ६०० रुपये खर्च आणि तो महिन्याला दोन ऑर्डर देतो, म्हणजे महिन्याला २०० सुटतात. तीन महिन्यांत वसुली, असं स्लाइड म्हणते. पण दर महिन्याला १० टक्के ग्राहक गळत असतील, तर सरासरी ग्राहकामागे पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात १६२, एकूण ५४२ येतात. वसुली चौथ्या महिन्यात गेली. गळती तशीच राहिली तर ग्राहक सरासरी १० महिने टिकतो, म्हणजे त्याच्याकडून एकूण २,००० रुपये, खर्चाच्या साधारण सव्वातीन पट. आता हेच गणित कुणी हातात उरणाऱ्या पैशांऐवजी विक्रीवर केलं, तर महिन्याला १,००० आणि एकूण १०,००० होतात, सोळा पटींहून अधिक! "ग्राहकाकडून मिळणारी एकूण रक्कम" असं मोघम भाषांतर केलं की ही चलाखी झाकली जाते. "एकूण विक्री" की "एकूण हातात उरणारे", हे अनुवादकाने विचारायलाच हवं. संस्थापकाला उत्तर देता आलं नाही, तर गडबड भाषांतराच्या आधीचीच आहे. हे ओळखायला सोपं आहे: ग्राहकाची एकूण रक्कम भागिले टिकण्याचे महिने, आणि भागाकार २०० च आला पाहिजे.

राहिली तुमची तीन वर्तुळं: एकूण बाजारपेठ, त्यातला आपल्या आवाक्यातला भाग आणि प्रत्यक्षात मिळवता येईल तो वाटा. त्यांवर मी वाद घालत नाही, कुणालाही कळतात म्हणालात ना. फक्त सगळ्यांत मोठ्या वर्तुळातल्या, समजा, १.५ बिलियन डॉलरचे रुपये करताना दर काय धरला, ते त्याच स्लाइडवर लिहा. ८५ धरला तर १२,७५० कोटी होतात. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, दहा नव्हे. हा आकडा १,२७५ कोटी असा छापला गेला, तर सगळ्यांत मोठं वर्तुळ मधल्यापेक्षाही लहान होऊन बसू शकतं. स्वल्पविरामही 1,500,000 असा न ठेवता १५,००,००० असा बदला.