चोवीस खांबांत चाळीस बाय साठचा मंडप उभा करणाऱ्या टेंटवाल्याला माझं सांगणं

पुतणीची हळद परवा, आणि आज रात्री साडेआठला टेंटवाल्याची पोरं मैदानात हात झटकून उभी. "दीदी, कपडा कम पड गया." कमी पडला म्हणजे वीतभर नाही हो, साठ फुटांच्या मंडपाचे शेवटचे साडेसात फूट चक्क उघडे, तेही जिथे पंगत बसायची तिथेच! आणि वर जे लागलंय ते सपाट ताणलेलं, एक चुणी नाही. ठरवताना ह्याच माणसाने मोबाईलवर चुण्याचुण्यांचा सुंदर फोटो दाखवून आमच्या वहिनीला खूश केलं होतं ना? तिच्यासमोर आता तो फोटो काढून दाखवायची हिंमत कर म्हणावं.

कापड आमचं, कारण भाड्याच्या कापडावरचे गेल्या सीझनचे वरणाचे डाग मला चालत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं. किती आणायचं ते त्याने सांगायचं ठरलं. त्याने सांगितलं दोनशे मीटर. दादाने क्लॉथ मार्केटातून दोनशे मीटर हळदी रंगाचं कापड उचललं. आता विचारलं की हा आकडा आणला कुठून, तर म्हणतो, चाळीस गुणिले साठ चोवीसशे फूट, पन्हा चव्वेचाळीस इंच, भागून टाकलं. भागून टाकलं! अरे, जमिनीचं क्षेत्रफळ काढून छताचं कापड कोण मागवतं?

मी रात्री बसून कागदावर मांडलं, आणि ह्यात काही रॉकेट उडवायचं नव्हतं. चव्वेचाळीस इंचाच्या पन्ह्यात दोन्ही कडांची शिवण गेली की हातात राहतात बेचाळीस, म्हणजे साडेतीन फूट. पट्टे आडवे, चाळीस फुटांच्या बाजूने टाकायचे. मधली रांग कडेपेक्षा चार फूट उंच ठेवली, आणि ती ठेवायलाच हवी, तर उतारामुळे चाळीसचे एक्केचाळीस होतात, दोन्ही टोकांना बांबूवर गुंडाळून बांधायला एक-एक फूट, झाले त्रेचाळीस. साठ फूट झाकायला सपाट घातलं तरी अठरा पट्टे, म्हणजे दोनशे छत्तीस मीटर. म्हणजे चुण्या सोडाच, साधं सपाट घालायलाही त्याचं दोनशे पुरत नव्हतं! दोनशेत पूर्ण पट्टे निघाले पंधरा, पंधरा साडेतीने साडेबावन्न, म्हणून ते साडेसात फूट आकाश. आणि फोटोतल्यासारख्या चुण्या हव्या तर लांबीला दीडपट कापड धरायचं, नव्वद फूट, सव्वीस पट्टे, तीनशे एक्केचाळीस मीटर. फरक एकशे एक्केचाळीस मीटरचा आहे, आणि हा माणूस "थोडा कम पड गया" म्हणतो.

आता उद्या सकाळी दादा परत मार्केटात. पण त्याच ताग्याचं कापड मिळेलच ह्याची खात्री नाही, दुसऱ्या ताग्याचा पिवळा किंचित वेगळा निघतो, दुकानात ट्यूबखाली कळत नाही, हॅलोजन लागला की पट्टा पट्टा वेगळा दिसतो. मावशीकडच्या मुंजीत बघितलंय मी, अर्धं छत लिंबाचं आणि अर्धं आंब्याचं. तेव्हाही सगळे म्हणाले होते "चलता है". मला ह्या "चलता है"चीच चीड आहे. अख्ख्या इंदूरात लोकांना पोह्यावर शेव कमी पडलेली चालत नाही, मंडपाला कापड कमी पडलेलं मात्र चालतं.

आणि कापड तरी एक वेळ आणता येईल, खांबांचं काय? ते बघून तर माझं डोकंच फिरलं. दर दहा फुटांवर एक खांब, हे त्याचंच बोलणं. चाळीस फुटांत चार भाग, साठात सहा, चार सक चोवीस, म्हणून चोवीस बांबू आणले. अरे बाबा, चोवीस चौकटी झाल्या, खांब नाही! चार भागांना पाच रांगा लागतात, सहा भागांना सात, पाच सत्ते पस्तीस. त्यातले कडेकडेलाच वीस जातात. म्हणजे ह्याच्याकडे आत लावायला उरले चार, आणि आत हवेत पंधरा. ते चार त्याने मधे कुठेतरी रोवून दिले. एक तर बरोबर तिथे, जिथे बोहलं आहे, नवरा-नवरीच्या फोटोत खांब येईल असा.

मधे खांब नाहीत म्हटल्यावर कापडाला झोळ पडला, आणि झोळ म्हणजे नुसता दिसायला वाईट नाही. मे महिना आहे, संध्याकाळी वारा सुटतो, वळवाची सर कधी येईल सांगता येत नाही. कापड काही पाणी अडवत नाही हे मलाही माहिती, पण उतार असला तर बरंचसं वाहून जातं, झोळ असला तर तिथेच साचतं. दहा बाय दहाच्या एका चौकटीत इंचभर पाणी थांबलं तरी सव्वादोनशे लिटरच्या वर भरतं, तेवढेच किलो. ते वजन एका सुतळीच्या गाठीवर, आणि गाठ मारणारं पोरगं कानात इअरफोन घालून. खाली आमची आजी बसणार आहे, नव्वदीची.

खड्डेही एक हात खोल. दोन फूट तरी जायला नको का? हलवून बघितला, कोपऱ्यातला खांब दाताच्या डॉक्टरकडे न्यावा असा डुगडुगतोय. कडेला दहा फूट उंची हवी तर बारा फुटांचा बांबू, मधे चौदा हवी तर सोळा, हे मला पाठ झालंय आता, त्याला कसं नाही? आडव्या बांबूंतही तेच. साठ फुटांच्या पाच ओळी, चाळीसच्या सात, पाचशे ऐंशी फूट, वीसने भागून एकोणतीस. आणि जोड? दोन बांबू एकमेकांवर दोन फूट चढवल्याशिवाय बांधता येतात का? वीस-वीसचे दोन जोडले की अडतीस होतात, चाळीस नाही, म्हणून चाळीसच्या प्रत्येक ओळीला तीन आणि साठच्या ओळीला चार, मिळून एक्केचाळीस. ह्याने टोकाला टोक लावून वर फडकं गुंडाळलं आणि जोड लपवला. लपवला! म्हणजे कळत होतं ना चुकतंय ते?

आणि ह्यावर आमचे काका. "अगं, तू कशाला बोलतेस त्याच्याशी, बायकांनी आतलं बघावं." आतलं बघितलं असतं तर उद्या हे छत आतच आलं असतं काका. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते मी, पाच सत्ते पस्तीस सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही. ह्याच काकांनी घासाघीस न करता ॲडव्हान्स देऊन टाकला होता, निम्म्याहून जास्त, "अपना आदमी है" म्हणून.

कागद लिहून त्या टेंटवाल्याच्या हातात दिलाय: उभे पस्तीस, आडवे एक्केचाळीस, खड्डे दोन फूट, मधली रांग चार फूट उंच, बोहल्यासमोरचा खांब आजच्या आज हलवायचा. अकरा उभे आणि बारा आडवे बांबू सकाळी नऊच्या आत मैदानात आले पाहिजेत. कापडाचे पट्टे मी स्वतः मोजून घेणार आहे, एकेक. तो म्हणाला, "हो जाएगा दीदी, टेंशन मत लो." म्हटलं, पस्तिसावा खांब रोवल्याशिवाय उरलेल्यातला एक रुपया मिळणार नाही, आणि काकांकडे जाऊ नकोस, पैशांचं पाकीट आता वहिनीकडे आहे.