एक तिथी म्हणजे एक दिवस? त्या फॉरवर्डला उत्तर

«एक तिथी म्हणजे एक दिवस, पंधरवड्याला बरोब्बर १५. पूर्वी असंच होतं. आता पंचांगवाले कधी एकादशी दोन-दोन दिवस दाखवतात, कधी चतुर्थीच गायब करतात. २०२४ ला तर धनत्रयोदशी आणि नरकचतुर्दशीच्या मध्ये अख्खा दिवस रिकामा सोडला. चंद्र रोज सारखाच फिरतो ना? मग? सगळा छपाईचा घोळ आहे. तिथी रात्री १२ ला बदला, वाद संपला. पुणेकरांनो, जास्तीत जास्त शेअर करा.»

सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे हे फिरतंय आणि खाली नमस्काराचे हात पडतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. उदाहरण बाहेरून आणायची गरजच नाहीये, फॉरवर्डवाल्याने २०२४ ची दिवाळी स्वतःच काढलीये, आणि त्या एकाच पंधरवड्यात, म्हणजे आश्विन वद्यात, चतुर्थीचा क्षयही झाला होता आणि एकादशीची वृद्धीही. त्यामुळे तोच धरू.

आधी पहिलं वाक्य. तिथीचा आणि दिवसाचा थेट संबंधच नाही हो. अमावास्या संपते त्या क्षणी सूर्य आणि चंद्र आकाशात एकाच रेखांशावर असतात, तिथून चंद्र पुढे सरकायला लागतो, दोघांतलं अंतर १२ अंश झालं की प्रतिपदा संपली, २४ झालं की द्वितीया संपली, असं करत ३६० अंशांच्या ३० तिथ्या. यात कुठे रात्रीचे १२ आले, कुठे सूर्योदय आला? तिथी दुपारी सव्वाला पण बदलते, पहाटे सव्वाचारला पण. आणि ती सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते, फक्त घड्याळं वेगळी.

आता चंद्र सारखाच फिरतो का. नाही फिरत. त्याची कक्षा लंबगोल आहे, पृथ्वीच्या जवळ आला की तो पळतो, लांब गेला की रेंगाळतो. १७ ऑक्टोबर २०२४ ला तो पृथ्वीपासून साधारण ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर होता, जवळ म्हणजे फारच जवळ, सुपरमून म्हणून सगळ्यांनी फोटो टाकले होते तो हाच. तेव्हा तो दिवसाला १५ अंशांच्या आसपास कापत होता. महिनाअखेरीस गेला ४ लाख ६ हजारावर, तिथे स्पीड पावणेबारा अंशांच्या आसपास. सूर्य आपला रोज एक अंश सरकतो, तो वजा करा. म्हणजे दोघांतलं अंतर एकदा दिवसाला १४ अंशांहून जास्त वाढतंय आणि एकदा ११ पण नाही. मग १२ अंशांना लागणारा वेळ सारखा कसा येईल? कोजागिरीची पौर्णिमा १६ तारखेला रात्री ८:४० ला लागली आणि १७ ला संध्याकाळी ४:५५ ला संपली, सव्वावीस तास. त्याच महिन्यातली वद्य त्रयोदशी २९ ला सकाळी १०:३१ ते ३० ला दुपारी १:१५, म्हणजे पावणेसत्तावीस तास. दोन्ही तिथ्याच.

मग पंचांगात एका वारासमोर एकच तिथी कशी येते? तर नियम असा की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं नाव त्या दिवसाला. शाळेत पहिल्या तासाला हजेरी घेतात ना, तसं. पोरगं हजेरीनंतर आलं आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीआधी नाव काढून गेलं, तर मस्टरवर त्याची खूण दिसणार नाही, पण म्हणून ते शाळेत आलंच नव्हतं असं होत नाही.

चतुर्थीचं नेमकं हेच झालं. २० ऑक्टोबर, रविवार. पुण्यात सूर्योदय साधारण ६:३० ला. तेव्हा तृतीया चालू होती, ती संपली ६:४६ ला. चतुर्थी लागली ६:४६ ला आणि संपली २१ च्या पहाटे ४:१६ ला, पुढचा सूर्योदय व्हायच्या आधीच. साडेएकवीस तास होती बिचारी, पण दोन सूर्योदयांच्या मधल्या फटीत बसली. रविवार तृतीया, सोमवार पंचमी. यालाच क्षय म्हणतात. पंचांगात बघायचं कसं, तर रविवारच्या ओळीत तृतीया आणि तिच्यासमोर ६:४६, आणि लगेच खाली, वार न बदलता, चतुर्थी, समोर २८:१६. हे २८:१६ बघून लोक म्हणतात बघा छपाईची चूक. अहो, बऱ्याच पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २४ मिळवून देतात, कारण वार सूर्योदयापर्यंत तोच धरायचा असतो. २८ वजा २४, पहाटेचे ४:१६. आणि तिथीसमोरची वेळ ही ती संपायची असते, सुरू व्हायची नाही, इथे निम्मे लोक गंडतात.

आणि «गायब» चतुर्थीची संकष्टी झाली की नाही? झाली की, २० तारखेलाच. संकष्टीला सूर्योदय बघत नाहीत, चंद्रोदयाला चतुर्थी हवी. त्या रात्री साडेआठच्या सुमारास चंद्र उगवला तेव्हा चतुर्थीच चालू होती. रांगेत उभे राहिलेल्यांपैकी किती जणांना माहीत असेल की आज पंचांगात चतुर्थीचा क्षय आहे.

यातली अजून एक मजा. पुण्यात सूर्योदय आणि तृतीयेचा शेवट यांत सोळा मिनिटांचा फरक होता. द्वारका आपल्यापेक्षा पश्चिमेला, तिथे त्या दिवशी सूर्योदय ६:५० च्या पुढे. म्हणजे तिथे हजेरीला चतुर्थी हजर, आणि क्षय झाला तो तृतीयेचा, कारण आदल्या दिवशी सूर्योदयाला तिथे द्वितीया होती. आकाश तेच, क्षण तोच, फक्त गाव बदललं. म्हणून पंचांग घेताना ते कुठल्या गावच्या सूर्योदयावर केलंय ते बघायचं, आणि ॲप वापरत असाल तर लोकेशन. पुण्यात बसून भलत्याच शहराचं लोकेशन ठेवलंत तर ॲपची चूक नाही.

एकादशी याच्या बरोब्बर उलट. आठवडाभरात चंद्र लांब गेला, तिथ्या लांबल्या. एकादशी लागली २७ ला पहाटे ५:२३ ला आणि संपली २८ ला सकाळी ७:५० ला. पुण्यात दोन्ही दिवशी सूर्योदय साडेसहाच्या जरासा पुढे, म्हणजे दोन्ही सूर्योदयांना एकादशी. ही वृद्धी. अशा वेळी पहिल्या दिवशी पंचांगात वेळेऐवजी «अहोरात्र» किंवा ६० घटी, म्हणजे अख्खे २४ तास, छापलेलं असतं. उपवास मात्र दोन नाहीत. २७ ला अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयाच्या साधारण दीड तास आधी, अजून दशमी होती, तिचा स्पर्श म्हणजे वेध लागला, म्हणून रमा एकादशी २८ ची. आणि पंधरवड्याचा हिशोब केलात तर एक तिथी गळली, एक दोनदा आली, १८ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर दिवस पंधराच झाले!

आता तो «रिकामा» ३० ऑक्टोबर, ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिडचिड झाली, फराळ आधी करायचा की नंतर वगैरे. इथे लक्षात घ्यायचं की प्रत्येक सण दिवसाचा वेगळा भाग मागतो. धनत्रयोदशीला संध्याकाळ, म्हणजे प्रदोषकाळी त्रयोदशी पाहिजे. त्रयोदशीच्या वेळा वर दिल्यात, २९ सकाळ ते ३० दुपार, त्यात संध्याकाळ एकच येते, २९ ची. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान पहाटेचं. चतुर्दशी ३० ला दुपारी १:१५ ते ३१ ला दुपारी ३:५२, त्यात पहाट एकच, ३१ ची. मधला ३० तारखेचा दिवस कोणी सोडला नाही, तो उरला. एक सण संध्याकाळचा आणि पुढचा पहाटेचा, आणि तिथ्या सव्वीस तासांच्या वर, मग होतं असं.

लक्ष्मीपूजनाचा वाद मात्र खरा वाद होता, ते मान्य. अमावास्या ३१ ला दुपारी ३:५२ ते १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१६. पुण्यात १ तारखेला सूर्यास्त ६:०२ च्या आसपास, म्हणजे ३१ च्या प्रदोषाला पूर्ण अमावास्या आणि १ च्या प्रदोषाला जेमतेम चौदा मिनिटं. दोन्ही दिवशी स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यायचा, असा निर्णय करून महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ तारीख दिली, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ लाच झालं. पण बघा, भांडण धर्मशास्त्राच्या नियमावर होतं, अमावास्या कधी संपते यावर नाही. हा फरक फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

«पूर्वी असंच होतं» याला तर काय बोलणार. जुन्या गणिताचं वचनच आहे, बाणवृद्धी रसक्षय. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. साठ घटींत पाच वाढणार नाहीतर सहा कमी होणार, म्हणजे तिथी ५४ ते ६५ घटी, साधारण साडेएकवीस ते सव्वीस तास. आजच्या दृक् गणिताने, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी जुळणाऱ्या गणिताने, ही रेंज अजून मोठी येते, ५० ते ६७ घटी, म्हणून त्या जुन्या वचनावरून पंचांगवाल्यांची आपसात जोरदार भांडणं झाली, पण तिथी साठ घटींचीच असते असं त्यांच्यातला एकही म्हणत नव्हता. आणि महाभारतात भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्राला सांगतात की चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या दिवशी आलेली अमावास्या मला माहितीये, तेराव्या दिवशी आलेली नाही. म्हणजे बरोब्बर पंधराचा हट्ट तेव्हाही नव्हता. बाय द वे, तेरा दिवसांचा पक्ष २०२४ मध्येच येऊन गेला, जूनच्या २३ पासून जुलैच्या ५ पर्यंत, ज्येष्ठ वद्य.

राहिला रात्री १२ चा उपाय. करून बघू. खरं सांगायचं तर या आश्विन वद्यात तो चालला असता, क्षय पण नाही, वृद्धी पण नाही, मी सगळ्या मध्यरात्री तपासल्या. पण वर्षाच्या बारा चांद्रमासांत तिथ्या ३६० आणि दिवस साधारण ३५४, मग हजेरी सूर्योदयाला घ्या नाहीतर १२ ला, गळालेल्या तिथ्या दोनदा आलेल्यांपेक्षा सहाने जास्त निघणारच, फक्त त्या वेगळ्या ठिकाणी गळतील. आणि चतुर्थीचं काय होतं बघा. २१ ऑक्टोबर सुरू होताना, मध्यरात्री, चतुर्थी चालू होती, म्हणजे या नियमाने संकष्टी सोमवारी २१ ला. ती चतुर्थी पहाटे ४:१६ लाच संपलेली. रात्री चंद्र नऊच्या पुढे उगवणार आणि तेव्हा पंचमी चालू असणार. मोदक पंचमीला.