नावांचं भाषांतर: कुठे करायचं आणि कुठे हात लावायचा नाही

मराठीत माहितीपत्रकं, बँकांच्या सूचना, औषधांची पत्रकं यांचं भाषांतर करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. 'सगळं मराठीत आणा' असं सांगणारे आणि 'नावांना हात लावू नका' असं सांगणारे, दोघांचंही मला पटत नाही. प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारावा: वाचणाऱ्याला हे नाव पुढे कशाशी जुळवून बघायचं आहे? पाटीशी, पासबुकाशी की बाटलीवरच्या लेबलशी? तिथे जे छापलंय तेच आपल्या मजकुरात हवं.

बँकांच्या नावांत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. 'स्टेट बँक ऑफ इंडिया'ला 'भारतीय स्टेट बँक' म्हटलेलं चालतं, कारण बँक स्वतःच ते नाव वापरते. हाच साचा 'बँक ऑफ इंडिया'ला लावला की 'भारतीय बँक' तयार होते आणि घोटाळा होतो, कारण 'इंडियन बँक' ही निराळी बँक आहे. एक १९०६ साली मुंबईत सुरू झालेली, दुसरी १९०७ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये. एकीच्या शाखांचे आयएफएससी कोड BKID ने सुरू होतात, दुसरीचे IDIB ने. पेन्शनच्या अर्जात कोणी 'भारतीय बँक' लिहिलं, तर समोरच्या कारकुनाने कोणती समजायची? 'बँक ऑफ महाराष्ट्र'चंही तसंच. नाव फोडून 'महाराष्ट्र राज्याची बँक' केलं, तर ते महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या अंगावर जातं.

म्हणून एक चाचणी करत जा. केलेलं मराठी नाव मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाला द्या आणि ते इंग्रजीत लिहायला सांगा. मूळ नाव परत आलं नाही, किंवा दोन नावं येऊ शकतात असं तो म्हणाला, तर ते भाषांतर काढून टाका.

कंपन्यांच्या बाबतीत कायदाच मदतीला येतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १२ नुसार कंपनीला कार्यालयाबाहेर आपलं नाव लावावं लागतं, आणि पाटीवरची लिपी स्थानिक भाषेची नसेल तर त्या भाषेच्या लिपीतही ते लिहावं लागतं. कायदा तिथे लिपी म्हणतो, अर्थ नाही. म्हणून 'टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस'चं 'टाटा सल्लागार सेवा' करू नये. सरकारी कंपन्यांचं निराळं: 'महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित' हे नाव त्यांनीच घेतलंय, तिथे 'लिमिटेड' लिहिणं चूक. खासगी कंपनीने 'लिमिटेड' लावलं असेल तर करारात तेच ठेवा.

रस्त्यांकडे मात्र जरा सबुरीने बघावं लागतं. पुण्यात सेनापती बापट रोड आहे, मुंबईत सेनापती बापट मार्ग. 'रोड'चं सरसकट 'मार्ग' केलं की पुण्याचा पत्ता मुंबईच्या पत्त्यासारखा दिसायला लागतो. पुण्यातली वर्तमानपत्रं 'लक्ष्मी रस्ता' लिहितात आणि वाचकाला ते बरोबर कळतं, त्यामुळे बातमीत खुशाल लिहा. पार्सलच्या पत्त्यावर 'लक्ष्मी रोड'च बरा. त्यात व्याकरणाचीही एक सोय आहे: 'रोडवर' लिहिताना मूळ शब्द तसाच राहतो, 'रस्त्यावर' लिहिताना बदलतो, आणि संगणकावर 'लक्ष्मी रस्ता' शोधणाऱ्याला 'लक्ष्मी रस्त्यावर' सापडत नाही. मुंबईच्या 'ग्रँट रोड'ला तर रस्ता म्हणूच नये. ते आता स्टेशनचं आणि वस्तीचं नाव आहे. मूळ रस्त्याला मौलाना शौकत अली रोड म्हणतात. फोर्टचा 'किल्ला' करणाऱ्यांना हेच सांगायचं आहे. पण पुण्याच्या कॅम्पला 'लष्कर' म्हटलेलं चालतं, कारण तो शब्द पुणेकरांच्या तोंडीच आहे.

सर्वांत जास्त काळजी शेतीच्या औषधांबाबत घ्यायला हवी. 'इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल' यात औषधाच्या घटकाचं नाव, प्रमाण आणि 'एसएल' तिन्ही जसेच्या तसे हवेत. हाच घटक '७० टक्के डब्ल्यूजी' म्हणूनही मिळतो. पहिलं पातळ, मिलिलिटरमध्ये मोजायचं. दुसरं दाणेदार, ग्रॅममध्ये मोजायचं. आपण 'एसएल' गाळलं किंवा नुसतं 'द्रावण' लिहिलं, तर दुकानात शेतकऱ्याच्या हातात दुसरंच पाकीट पडू शकतं आणि मात्रा चुकते. कंपनीने औषधाला दिलेलं नावही लेबलवर जसं आहे तसंच लिहावं. 'पाण्यात मिसळून फवारा', 'हातमोजे घाला' या सूचना मात्र पूर्ण, सोप्या मराठीत हव्यात. त्या कशाशी जुळवायच्या नसतात, समजायच्या असतात.

काम हातात आलं की आधी नावांची यादी काढा. चार रकाने पुरतात: मूळ नाव, ठरवलेलं मराठी रूप, वाचक ते कुठे बघणार, आणि ते रूप कुठून घेतलं. चौथा रकाना रिकामा राहिला, तर ते रूप आपण मनानेच बनवलेलं असतं. अशी नावं छपाईला जाण्याआधी ज्याची त्याला विचारून घ्यावीत. बँकेच्या शाखेत किंवा कृषी सेवा केंद्रात एक फोन केला की काम होतं.