लक्ष्मीपुरीतल्या पायरीवरचा माणूस

आज सकाळी आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "२००१ ला देशात १९ लाख ४३ हजार बेघर होते, २०११ ला १७ लाख ७३ हजार झाले. देश सुधारतोय भावांनो!" खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

अरे, ते जनगणनेचे आकडे आमच्यासारख्या मास्तरांनीच गोळा केलेत. २८ फेब्रुवारी २०११ ची रात्र. बेघरांची मोजणी त्या एकाच रात्री. घरं ९ तारखेपासून वीस दिवस फिरून मोजली, आणि ज्याला दार नाही त्याला एक रात्र! कुणी कुठं झोपतं हे आधी दिवसा फिरून हेरून ठेवायचं आणि रात्री जायचं. दिवसा एस.टी. स्टँडमागं पाहून ठेवलेली म्हातारी रात्री जागेवर नव्हती. वॉचमननं हाकललेली. पलीकडचा रस्ता दुसऱ्या प्रगणकाचा, तिथं तिची नोंद झाली का, देव जाणे.

मग कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत आलो. बंद दुकानाच्या पायरीवर एक हमाल, रिकाम्या पोत्यांवर. बॅटरी मारली तर उठून बसला, अर्धं पोतं माझ्याकडं सरकवून म्हणाला, "बसा गुर्जी." किती वर्षं इथं झोपता? "आठ झाली असतील." गावाकडं घर? "हाय की. बायकू-पोरं हाईत." या महिन्यात गेला होता? "मागल्या ऐतवारी."

झालं. नियम असा की मोजणीच्या त्या वीस दिवसांत माणूस थोडे दिवस जरी आपल्या घरी राहिला, तरी त्याची नोंद त्या घरीच. संपूर्ण काळ बाहेर असता तरच मी त्याला इथं लिहिला असता. म्हणजे एका रविवारच्या मटणाच्या जेवणानं आठ वर्षं पायरीवर झोपणारा माणूस घरवाला झाला!

मान्य, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला गेला असता. नियम उगाच केलेला नाही.

पण मग त्या आकड्याला 'बेघर किती' म्हणू नका. उघड्यावर, पुलाखाली, मोठ्या पाईपात, देवळाच्या मंडपात, फलाटावर झोपणारी, आणि त्या रात्री आम्हाला सापडलेली माणसं, एवढाच त्याचा अर्थ. निवारागृहात झोपलेला माणूस वेगळ्या खात्यात जातो, संस्थेतला म्हणून. झोपडीला चार कूड असले की ते घर. आणि तुमच्या त्या १७ लाखांतही शहरातले बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेलेत. घटले ते खेड्यातले. तेवढं वाचायचं कष्ट कोण घेणार म्हणा.

जाऊ दे, चिडून काय उपयोग. मीही त्या रात्री साडेअकराला कंटाळलो होतोच, गल्ल्या राहिल्या असतील माझ्याही.

निघताना त्यानं विचारलं, "लिवलं न्हवं माझं नाव?"

म्हटलं, "गावात लिहिलंय."

"बरं झालं," म्हणाला आणि पोतं परत अंथरलं.